बक्षीसपत्र, मृत्युपत्र व मुखत्यारपत्र : मुद्रांक शुल्क आणि नोंदणीतील फरक

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांत घराचे कागद करण्याची वेळ आली म्हणजे तीन नावे हमखास पुढे येतात : बक्षीसपत्र, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र. घरातील वडीलधारे थकलेले असतात, एक मुलगा परगावी असतो, मुलगी सासरी असते आणि जागेच्या किमती तर अशा की एका चुकीच्या कागदाने लाखोंचा फरक पडावा. मग कोणी सांगतो, "मुखत्यारपत्र करा, पाचशे रुपयांत काम होते." दुसरा सांगतो, "मृत्युपत्र साध्या कागदावरही चालते." दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत, परंतु ती एकाच कामाबद्दलची नाहीत. कोकणातील गावांतील पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांनाही हा प्रश्न विचारला जातो, कारण गावच्या अनेक कुटुंबांची एक खोली लालबाग-परळमध्ये असतेच.

या तीन दस्तऐवजांवरील शुल्काचे दर निरनिराळे का, हे समजण्यासाठी एकच प्रश्न विचारावा : ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी मालकी हलली काय? बक्षीसपत्राने मालकी त्याच व्यवहाराने दुसऱ्याकडे जाते. म्हणून शुल्क मालमत्तेच्या बाजारमूल्यावर आकारले जाते आणि नोंदणी सक्तीची असते. मृत्युपत्राने करणाऱ्याच्या हयातीत काहीच हलत नाही. म्हणून त्यावर मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. मुखत्यारपत्राने मालकी कधीच हलत नाही, फक्त दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा अधिकार मिळतो. म्हणून त्यावर सामान्यतः ठरावीक रकमेचे शुल्क असते. पुढील सर्व तपशील या एका सूत्रातून निघतात. जेथे दर अनपेक्षित वाटतो, तेथेही नीट पाहिल्यास हेच सूत्र आढळते.

खोली कोणाची, हे आधी पाहावे

दरांकडे वळण्यापूर्वी या भागातील एक अडचण सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे अनेक कागद मुळातच निरुपयोगी ठरतात. चाळीतील खोलीला बोलताना "आमची खोली" म्हणतात. पण पुष्कळदा त्या खोलीवर मालकी हक्क नसून भाडेकरूचा हक्क असतो. पागडी देऊन घेतलेली खोलीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने भाड्याचीच. भाडेपावती घरमालकाच्या किंवा त्याच्या न्यासाच्या नावाने येत असेल तर आपण भाडेकरू आहोत असे समजावे.

भाडेकरूच्या निधनानंतर निवासी जागेचा हक्क कोणास जातो, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम ७ (१५) (ड) मध्ये सांगितले आहे. निधनाच्या वेळी भाडेकरूबरोबर राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू होते. तशी कोणी नसेल तर वारसांपैकी एकमताने ठरलेली आणि एकमत न झाल्यास न्यायालय ठरवील ती व्यक्ती. मृत्युपत्रात ज्याचे नाव लिहिले तो येथे आपोआप बसत नाही. जुन्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातील याच स्वरूपाच्या तरतुदीखाली सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये व्यापारी जागेच्या आणि १९९४ मध्ये निवासी जागेच्या बाबतीत असे ठरविले की, भाडेकरूला आपला संरक्षित हक्क मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीस देता येत नाही. जो माणूस त्या खोलीत राहिला नाही आणि वारसही नाही, त्याच्या नावे केलेले खोलीचे मृत्युपत्र कितीही व्यवस्थित लिहिले तरी त्यास खोली मिळवून देत नाही. बक्षीसपत्राचेही तसेच आहे. घरमालकाच्या संमतीवाचून भाडेहक्क दुसऱ्याच्या नावे करणे कलम २६ च्या आड येते आणि त्यातून जागा खाली करण्याचा दावा उभा राहू शकतो.

अशा कुटुंबाने बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र लिहिण्याऐवजी जो खरोखर बरोबर राहतो त्याचे वास्तव्य सिद्ध होईल अशी कागदपत्रे सांभाळावीत : शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरील पत्ता, विजेचे देयक. चाळ पाडून नवी इमारत झाली आणि जुन्या भाडेकरूस मालकी हक्काने सदनिका मिळाली, की चित्र बदलते. त्यानंतर ती सदनिका देता येते, विकता येते, मृत्युपत्रानेही ठेवता येते. म्हाडामार्फत गिरणी कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना मिळालेल्या घरांच्या बाबतीत मात्र वाटपपत्रातील हस्तांतरणाच्या अटी आधी वाचाव्यात. येथून पुढे जे लिहिले आहे ते मालकी हक्काच्या घराबद्दल आहे.

बक्षीसपत्र

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ व १२३ प्रमाणे स्थावर मालमत्तेचे दान पूर्ण होण्यासाठी मोबदला न घेता केलेला लेखी दस्त, दात्याची सही, किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन, दात्याच्या हयातीत झालेला स्वीकार आणि नोंदणी, इतक्या गोष्टी लागतात. तोंडी दिलेले किंवा साध्या कागदावर लिहून दिलेले घर कायद्याने दिले गेलेले नसते. ज्यास घर मिळते त्याने स्वीकार केल्याचे दस्तातच लिहून त्याची सही घ्यावी. पुढे स्वीकाराबद्दल वाद राहत नाही.

शुल्काचा आधार महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १ मधील अनुच्छेद ३४ हा आहे. मूळ नियम असा की बक्षीसपत्रास खरेदीखताइतकेच शुल्क. पैसे दिले-घेतले नाहीत म्हणून शुल्क कमी होत नाही, कारण सरकार दस्तातील रक्कम न पाहता वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांवरून निघणारे मूल्य पाहते. मात्र नात्यानुसार दोन सवलती आहेत. पती, पत्नी, भाऊ, बहीण, तसेच सरळ रेषेतील वरचे व खालचे नातेवाईक यांना दिल्यास शुल्क बाजारमूल्याच्या ३ टक्के आहे. त्याहून मोठी सवलत २०१५ च्या सुधारणेने आली : निवासी किंवा शेतीची मालमत्ता पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिल्यास शुल्क केवळ २०० रुपये.

ही यादी बारकाईने वाचावी लागते. मृत मुलाची पत्नी यादीत आहे. हयात मुलाची पत्नी नाही. सून म्हणून प्रेमाने तिच्या नावे घर केले तर पूर्ण दर लागू होतो. तेच घर मुलाच्या नावे केले असते तर २०० रुपयांची सवलत लाभली असती. आईने मुलाला दिलेले घर २०० रुपयांत बसते, पण मुलाने आईला दिलेले घर ३ टक्क्यांत जाते, कारण दुसऱ्या यादीत आई-वडील नाहीत. पुतण्या, भाचा, मेहुणा हे दोन्ही याद्यांच्या बाहेर आहेत. लालबागेतील दुकानाचा गाळा मुलाला दिला तरी २०० रुपयांची सवलत मिळत नाही, कारण गाळा निवासी नाही. तेथे ३ टक्के दर लागतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महानगरपालिकेच्या कायद्याखाली विक्री, दान आणि ताबेगहाण या दस्तांवर मुद्रांक शुल्काखेरीज १ टक्का अधिभार आहे. २०० रुपयांची सवलत मुद्रांक अधिनियमातील आहे आणि अधिभार दुसऱ्या कायद्यातील. म्हणून "दोनशे रुपयांत काम" हे ऐकून सही करू नये. दस्ताचा मसुदा व मालमत्तेचे वर्णन घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयातून शुल्क, अधिभार व नोंदणी फी यांचा हिशेब आधी करून घ्यावा.

सहीनंतर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. अपरिहार्य कारणाने उशीर झाल्यास पुढील चार महिन्यांपर्यंत दंड भरून सादर करता येतो, त्यानंतर नाही. आजारामुळे कार्यालयात येणे अशक्य असलेल्या व्यक्तीसाठी नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो, अशी तरतूद नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ मध्ये आहे; परळच्या रुग्णालयांच्या परिसरातील कुटुंबांनी ती विशेषतः माहीत करून घ्यावी.

बक्षीसपत्राची खरी किंमत मात्र शुल्कात नाही. दान पूर्ण झाल्यावर दाता त्या घराचा मालक राहत नाही आणि केवळ मन बदलले म्हणून ते परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ च्या निर्वाह व कल्याण अधिनियमातील कलम २३ चा आधार आहे : सांभाळण्याच्या अटीवर घर दिले आणि सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण ते दान रद्द ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही अट असल्याचे सिद्ध झाले पाहिजे यावर भर दिला, तर जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हिताने उदार अर्थ लावला. निकालांच्या या दोन टोकांमध्ये सापडण्यापेक्षा दस्तातच दोन वाक्ये लिहिणे शहाणपणाचे आहे : दात्यास हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि स्वीकारणाऱ्याने दात्याचा निर्वाह व औषधपाणी करण्याच्या अटीवर हे दान आहे.

मृत्युपत्र

मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही. पाचशेच्या मुद्रांकावर लिहिलेले मृत्युपत्र साध्या कागदावरील मृत्युपत्रापेक्षा अधिक बळकट असते, हा समज निराधार आहे. बळ येते ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मधील पद्धतीने. करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत; प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्यास सही करताना पाहिलेले असावे किंवा ही माझी सही आहे असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याच्यासमक्ष स्वतः सही केलेली असावी.

नोंदणी ऐच्छिक असून तिला मुदत नाही. मृत्युपत्र कधीही सादर करता येते, करणाऱ्याच्या निधनानंतरही. मजकूर गुप्त ठेवायचा असल्यास ते मोहोरबंद पाकिटात निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. नोंदणीचा लाभ इतकाच की कागद हरवत नाही, बदलला जात नाही आणि त्या तारखेस करणारी व्यक्ती हजर होती याची नोंद राहते. त्याने मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. वाद झाल्यास किमान एका साक्षीदारास, तो हयात व उपलब्ध असल्यास, न्यायालयात यावे लागते. म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान व निरोगी निवडावेत आणि ज्यास काही मिळणार आहे त्यास साक्षीदार करू नये. नोंदणी केलेले मृत्युपत्र नंतरच्या, नोंदणी न केलेल्या मृत्युपत्रानेही रद्द होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. शेवटचे कोणते, हे येथे महत्त्वाचे.

मुंबई शहरापुरता एक मोठा बदल अलीकडे झाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रात केलेल्या, किंवा त्या क्षेत्रातील स्थावर मालमत्तेसंबंधीच्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राखालील हक्क न्यायालयात स्थापित करण्यासाठी प्रोबेट, म्हणजे न्यायालयाचे प्रमाणन, घ्यावे लागे. मृत्युपत्र रत्नागिरीत लिहिले आणि खोली दादरला असली तरीही हे लागू होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या निरसन व सुधारणा अधिनियमाने ही सक्ती करणारे कलम २१३ काढून टाकले. प्रोबेट घेण्याचा मार्ग मात्र खुला आहे, आणि वारसांत तंटा असेल तेथे तो घेणे हिताचेही ठरते. म्हणून प्रोबेटच्या खर्चाची भीती घालून कोणी बक्षीसपत्राकडे वळवीत असेल, तर ती भीती आता पूर्वीइतकी खरी नाही.

मुखत्यारपत्र

मुखत्यारपत्रावरील शुल्क अनुच्छेद ४८ खाली येते. देयके भरणे, सोसायटीत अर्ज देणे, दस्त नोंदणीसाठी सादर करणे अशा कामांपुरते असेल तर ५०० रुपयांचे ठरावीक शुल्क पुरते. परंतु स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार त्यात लिहिला की कोणास दिला याला महत्त्व येते. आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगी, नातवंडे अशा अनुच्छेदात सांगितलेल्या जवळच्या नातेवाइकास मोबदल्याशिवाय दिल्यास ५०० रुपयेच. इतर कोणास दिल्यास बाजारमूल्यावर खरेदीखताइतके शुल्क. याचे कारण उघड आहे. त्रयस्थाला विकण्याचे अधिकार देऊन घर त्याच्या ताब्यात सोडले तर तो व्यवहार बहुधा विक्रीच असतो, फक्त नाव मुखत्यारपत्राचे असते.

असे मुखत्यारपत्रावर घर "घेणाऱ्यांचे" पुढे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने सुरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले : मुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही. शिवाय देणाऱ्याच्या निधनाबरोबर साधे मुखत्यारपत्र संपते. वडिलांच्या मुखत्यारपत्रावर त्यांच्या निधनानंतर मुलाने केलेली सही निरुपयोगी असते. बँक आणि सोसायटी यांनी ती स्वीकारली तरी दोष तसाच राहतो. "माझ्यानंतर याने घर पाहावे" ही इच्छा मुखत्यारपत्रात लिहिणारे लोक नेमके त्याच क्षणासाठी कागद करतात, ज्या क्षणी तो कागद मरतो.

नोंदणीबाबत : साध्या मुखत्यारपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणासंबंधीच्या अपरिवर्तनीय मुखत्यारपत्राची नोंदणी महाराष्ट्रात राज्य सुधारणेने सक्तीची केलेली आहे. दुसऱ्याने सही केलेला दस्त त्याच्या वतीने नोंदणीसाठी सादर करावयाचा असल्यास मुखत्यारपत्र नोंदणी अधिकाऱ्यासमोर होऊन त्याने अधिप्रमाणित केलेले लागते. देणारा परदेशी असेल तर तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर ते करता येते. मात्र ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत पुष्कळदा टपालाच्या पाकिटातच संपते.

एक उदाहरण

दादरमधील एका सहकारी सोसायटीत एका निवृत्त शिक्षिकेची स्वतःच्या नावावरील सदनिका आहे, असे समजू. मुलगी पुण्यात, मुलगा परदेशी, आणि रोजचे सर्व काम पाहतो तो भावाचा मुलगा. सदनिका पुढे मुलीला मिळावी अशी बाईंची इच्छा आहे. दर तक्त्यांवरून बाजारमूल्य १ कोटी २० लाख रुपये धरू.

मुलीच्या नावे बक्षीसपत्र केल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये. १ टक्का अधिभार पूर्ण मूल्यावर आकारला गेल्यास तो १,२०,००० रुपये होईल. हीच सदनिका भावास दिली असती तर ३ टक्क्यांनी ३,६०,००० रुपये आणि त्यावर अधिभार. भाच्यास किंवा पुतण्यास दिली असती तर ५ टक्के शुल्क व १ टक्का अधिभार मिळून ७,२०,००० रुपये; शिवाय नोंदणी फी, जी सर्वसाधारणपणे मूल्याच्या १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये असते.

मृत्युपत्र केल्यास शुल्क शून्य. बाई हयातभर मालक राहतात, सदनिकेवर कर्ज काढू शकतात, विकूही शकतात आणि मुलीशी मतभेद झाला तर कागद बदलू शकतात. वाद होण्याचा संभव मात्र निधनानंतरचा आहे, कारण मुलगा आक्षेप घेऊ शकतो. यावर उपाय म्हणजे मुलास का दिले नाही याचे एक साधे कारण मृत्युपत्रातच लिहिणे, डॉक्टरांचा प्रकृतीचा दाखला त्याच तारखेचा घेणे आणि नोंदणी करणे.

पुतण्याला मुखत्यारपत्र देताना बाईंनी केवळ पाणीपट्टी, मालमत्ता कर, सोसायटीचा पत्रव्यवहार आणि बँकेचे ठरावीक काम इतकेच अधिकार लिहिले, तर ५०० रुपयांत काम होते. मसुदा करणाऱ्याने छापील नमुन्यातून "विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे" हे शब्द तसेच राहू दिले, तर पुतण्या अनुच्छेदातील नातेवाइकांत बसत नसल्याने शुल्काची मागणी ७,२०,००० रुपयांच्या घरात जाऊ शकते. कमी शुल्काचा दस्त पुराव्यात घेतला जात नाही, आणि तुटीवर दरमहा २ टक्के दंड चढत जातो. म्हणून छापील नमुना भरण्यापूर्वी नको असलेली कलमे रेघ मारून काढणे आणि प्रत्येक खोडीवर सही करणे हे बाईंच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त काम आहे.

बाईंच्या परिस्थितीत दोन कागद एकत्र चालतात : मुलीच्या नावे नोंदणी केलेले मृत्युपत्र, आणि पुतण्याच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र. पहिला त्यांच्या निधनानंतर जिवंत होतो, दुसरा त्याच दिवशी संपतो. बक्षीसपत्राचा विचार त्यांनी तेव्हाच करावा, जेव्हा मुलीला आजच मालक करणे आवश्यक असेल, उदाहरणार्थ पुनर्विकासाच्या करारावर तिची सही हवी असेल. तेव्हाही हयातभर राहण्याच्या हक्काचे वाक्य मसुद्यात आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी त्यांनी स्वतः वाचून पाहावे.